‘उताऱ्यात नाही’ कधी म्हणायचं? जर्मन बी१ वाचनातला तिसरा पर्याय

जर्मन शिकणाऱ्यांना विचारलं की कशाची भीती वाटते, तर बहुतेक जण डेअर-डी-डास, नाहीतर वाक्याच्या शेवटी जाऊन बसणारं क्रियापद असंच काहीतरी सांगतात. पण वाचनाच्या पेपरात एक प्रश्न असा आहे, ज्यात व्याकरण पक्कं असलेली मुलंसुद्धा गुण घालवून येतात. एक उतारा दिलेला असतो, खाली काही विधानं असतात आणि प्रत्येक विधानापुढे तीन पर्याय: रिष्टिश म्हणजे बरोबर, फाल्श म्हणजे चूक आणि निष्ट इम टेक्स्ट म्हणजे उताऱ्यात नाही. पहिल्या दोन पर्यायांशी आपली शाळेपासूनची ओळख आहे. तिसरा आला की हात अडखळतो.

आधी एक खुलासा, कारण यावरून क्लासमध्ये फार गोंधळ होतो. गोएथेच्या बी१ परीक्षेत हा तिसरा पर्याय नसतो. तिथे वाचनाचे पाच भाग, एकूण ३० प्रश्न आणि ६५ मिनिटं असतात. पहिल्या भागात सहा विधानं येतात आणि त्यांना फक्त रिष्टिश किंवा फाल्श एवढंच उत्तर द्यायचं असतं. तीन पर्यायांचा प्रकार टेस्टडाफच्या कागदी पेपरात आणि टेल्कच्या सी१ होखशूले परीक्षेत आहे, म्हणजे वरच्या पातळीला. मधल्या पातळीवर तो ब्रिटनमधल्या शालेय जर्मन परीक्षांत वापरला गेला आहे, आणि आपल्याकडे क्लासच्या सराव पेपरांत तो सर्रास दिसतो. त्यामुळे तुम्ही ज्या परीक्षेला बसणार आहात तिचा नमुना पेपर आधी उघडा आणि पर्याय दोन आहेत की तीन ते बघा. दोनच असतील तर उतारा जे सांगतच नाही ते रिष्टिश होऊ शकत नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे जाता येतं. तीन असतील तर मात्र ‘चूक’ आणि ‘उताऱ्यात नाही’ यांच्यातली रेघ स्वच्छ दिसायला हवी. हा लेख त्या रेघेबद्दल आहे.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि फिटर अशी मंडळी जळगाव-धुळ्याकडच्या वर्गांतही येऊन बसायला लागली. यांची एक खासियत आहे. ही माणसं कामात मुरलेली असतात, त्यांना जगाचं ज्ञान आहे. आणि नेमकं तेच ज्ञान या प्रश्नात आड येतं. ते कसं, हे बघायला जर्मनची गरजच नाही. मराठीतच बघू.

हा एक छोटा उतारा वाचा.

‘यावलच्या सुनीताताई दर मंगळवारी एसटीने भुसावळला येतात आणि तिथून रेल्वेने जळगावला क्लासला जातात. क्लास पाचला सुटतो. परतताना मात्र त्या थेट यावलची एसटी पकडतात.’

आता चार विधानं. पहिलं: क्लासला जाताना सुनीताताईंना एकच वाहन पुरतं. दुसरं: जळगावहून यावलला थेट एसटी आहे. तिसरं: रेल्वेपेक्षा एसटीला जास्त पैसे लागतात. चौथं: संध्याकाळी रेल्वेला गर्दी असते म्हणून त्या एसटीने परततात.

पहिलं चूक आहे, त्यात वाद नाही. एसटी आणि रेल्वे अशी दोन वाहनं स्पष्ट लिहिली आहेत. दुसरं बरोबर आहे. ‘थेट एसटी आहे’ असं शब्दशः कुठेच लिहिलेलं नाही, पण त्या ती एसटी पकडतात म्हणजे ती आहेच. नसती तर पकडता आली नसती. वर्गात गडबड होते ती तिसऱ्या आणि चौथ्याला. भुसावळ-जळगाव रोज ये-जा करणारं कोणीही तिसऱ्याला डोळे मिटून ‘बरोबर’ म्हणतं, कारण तिकिटाचे पैसे खिशातून गेलेले असतात. चौथ्यालाही तसंच, कारण संध्याकाळच्या डब्यात उभं राहायला जागा नसते हे अंगाने माहीत असतं. पण उताऱ्यात ना भाड्याचा आकडा आहे ना गर्दीचा उल्लेख. दोन्हींचं उत्तर ‘उताऱ्यात नाही’.

धुळ्याकडची मुलं वर्गात असली की मी त्यांना अहिराणीतच विचारतो, ‘कोठे लिखेल शे?’ कुठे लिहिलंय, बोट ठेवून दाखव. बोट ठेवता आलं तर पुढे बोलू. ‘सर, पण असंच असतं ना’ हे उत्तर चालत नाही. असंच असतं हे मलाही ठाऊक आहे. पेपर तपासणाऱ्यापुढे साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे उतारा, आणि जे तो बोलला नाही ते आपण त्याच्या तोंडी घालू शकत नाही.

दोन्ही एकदम खरं असू शकतं का?

‘चूक’ आणि ‘उताऱ्यात नाही’ वेगळे करण्याची माझ्या मते एकच खात्रीची कसोटी आहे. उतारा शंभर टक्के खरा आहे असं धरा. आता विधानाकडे बघा आणि स्वतःला विचारा: उतारा खरा असताना हे विधान खोटं असू शकतं का? नसेलच असू शकत, तर ते रिष्टिश. मग उलट विचारा: उतारा खरा असताना हे विधान खरं असू शकतं का? असूच शकत नसेल, तर ते फाल्श. आणि दोन्ही शक्य असेल, म्हणजे विधान खरं निघालं तरी उताऱ्याला धक्का लागत नाही आणि खोटं निघालं तरी लागत नाही, तर ते निष्ट इम टेक्स्ट.

सुनीताताईंवर लावून बघा. एसटी रेल्वेपेक्षा महाग असेल तरी उतारा तसाच राहतो. स्वस्त असेल तरी तसाच राहतो. म्हणजे उतारा त्या बाबतीत गप्प आहे. पण ‘क्लासला जाताना एकच वाहन पुरतं’ हे खरं मानलं तर उताऱ्यातलं पहिलं वाक्य खोटं ठरतं. दोघं एकत्र नांदू शकत नाहीत, म्हणून ते चूक.

हे करायला वेळ लागतो असं वाटत असेल तर विधानाचा प्रश्न करून बघा. ‘एसटीला रेल्वेपेक्षा जास्त पैसे लागतात का?’ आणि मग फक्त उताऱ्याला विचारा. उतारा ‘हो’ म्हणाला तर बरोबर, ‘नाही’ म्हणाला तर चूक, ‘मला माहीत नाही’ म्हणाला तर तिसरा पर्याय. कसोटी तीच आहे, नुसता वेग जास्त. पेपरात मी हीच वापरायला सांगतो आणि अडलं तरच वरच्या लांबच्या पद्धतीकडे वळायला सांगतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. फाल्श ठरायला उताऱ्यात नकार असायलाच हवा असं नाही. ‘ती डॉक्टर नाही’ असं लिहिलेलं नसेल आणि ‘ती त्या वॉर्डात नर्स म्हणून काम करते’ असं लिहिलेलं असेल, तर ‘ती त्या वॉर्डात डॉक्टर आहे’ हे विधान चूकच. त्या जागी दुसरीच गोष्ट बसलेली आहे आणि दोन्ही एकदम बसू शकत नाहीत. उलटपक्षी, विधानातले सगळे शब्द उताऱ्यात सापडले म्हणून ते बरोबर किंवा चूक ठरत नाही. पेपर काढणारे ‘उताऱ्यात नाही’ची विधानं अशीच बनवतात: विषय उताऱ्यातला, माणसं उताऱ्यातली, शब्दसुद्धा उताऱ्यातलेच, फक्त त्यांना जोडणारा दावा बाहेरचा. उताऱ्यात ज्याचा गंधही नाही असं विधान सहसा टाकत नाहीत, कारण ते कोणीही ओळखेल.

आता खऱ्या पातळीचा उतारा

बी१ला साधारण असा मजकूर येतो: कोणीतरी नव्या गावी राहायला गेलंय आणि मैत्रिणीला लिहितंय. खालचा उतारा मी सरावासाठी रचलेला आहे. तो मूळ जर्मनमध्ये करायचा असतो, इथे सगळ्यांना कळावा म्हणून मराठीत देतो आणि जिथे उत्तर एखाद्या जर्मन शब्दावर फिरतं तिथे तो शब्द पुढे सांगतो.

‘मी मार्चपासून फ्रायबुर्गला राहते. खरं तर मला इतर मुलींबरोबर फ्लॅट वाटून घेऊन राहायचं होतं, पण मिळाली ती फ्राउ केलर नावाच्या एका वयस्कर बाईंच्या घरातली छोटी खोली. त्यांची मुलं हाम्बुर्गला असतात आणि क्वचित भेटायला येतात. कामाला मी सायकलने जाते, पाऊस असेल तेव्हा सोडून. हॉस्पिटलमधले जवळजवळ सगळे सहकारी चांगले आहेत. सुरुवातीला त्यांचं बोलणं मला जेमतेम कळायचं, कारण बरेच जण तिथल्या बोलीत बोलतात. आता जमतं. उन्हाळ्यात घरी जायला आवडलं असतं, पण विमानाची तिकिटं फार महाग होती. त्याऐवजी सप्टेंबरमध्ये बहीणच दोन आठवडे माझ्याकडे आली. मागच्या आठवड्यात मला हॉस्पिटलच्या जवळ एक घर देऊ केलंय. मी अजून होकार कळवलेला नाही. – एलेना’

विधानं अशी:

१. एलेनाला पहिल्यापासून एकटीनेच राहायचं होतं.
२. एकटं वाटतं म्हणून फ्राउ केलर यांनी खोली भाड्याने दिली.
३. फ्राउ केलर यांची मुलं त्यांना भेटायला कधीच येत नाहीत.
४. पावसात एलेना बसने कामाला जाते.
५. सुरुवातीला सहकाऱ्यांचं बोलणं समजणं एलेनाला अवघड जायचं.
६. उन्हाळ्यात एलेना घरी जाऊन आली.
७. एलेनाची बहीण पहिल्यांदाच जर्मनीत आली होती.
८. एलेना लवकरच नव्या घरात राहायला जाणार आहे.

पुढे वाचण्याआधी तुमची उत्तरं कागदावर मांडा.

पहिलं चूक. जर्मन उताऱ्यात इथे ‘आयगेंटलिश’ हा शब्द असतो. तो आला की समजायचं, आधी एक बेत होता आणि प्रत्यक्षात दुसरंच घडलं. पुढे ‘आबर’, म्हणजे ‘पण’, येतोच. एलेनाचा बेत इतरांबरोबर राहण्याचा होता. विधान त्याच्या नेमकं उलट बोलतं. ज्यांनी ‘छोटी खोली’ एवढंच टिपलं आणि बेताकडे लक्ष दिलं नाही त्यांचं उत्तर ‘बरोबर’ येतं.

दुसऱ्या विधानावर जरा थांबू, कारण ‘उताऱ्यात नाही’ बनवण्याची ही सगळ्यात आवडती युक्ती आहे. बाई वयस्कर आहेत, मुलं लांब राहतात, क्वचित येतात, त्यांनी खोली दिली आहे. चारही गोष्टी उताऱ्यात आहेत. आपलं मन लगेच त्यांच्यातून गोष्ट विणतं: बिचाऱ्या एकट्या पडल्या असतील. पण ‘म्हणून’ कुठे आहे? बाईंना पैशांची गरज असेल, खोली रिकामी पडली असेल, काहीही असेल. दोन गोष्टी शेजारी लिहिल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. विधानात ‘व्हाइल’, ‘डेन’, ‘देसहाल्ब’ असा कारणाचा शब्द दिसला की उताऱ्यातही कारण सांगणारं काहीतरी सापडलं पाहिजे. तिथे नेमका तोच शब्द नसेल, दुसऱ्या शब्दांत असेल, पण हवं. नाही सापडलं तर तिसरा पर्याय. आता पाचव्या विधानाजवळचं वाक्य बघा: बोलणं जेमतेम कळायचं, ‘कारण’ बरेच जण बोलीत बोलतात. इथे कारण लिहिलेलं आहे. ‘बोलीमुळे एलेनाला अडचण यायची’ असं विधान आलं असतं तर ते छान बरोबर ठरलं असतं.

तिसरं चूक. ‘झेल्टन’ म्हणजे क्वचित, आणि क्वचित म्हणजे येतातच, फक्त कमी वेळा. ‘नी’ म्हणजे कधीच नाही. क्वचित येणं आणि कधीच न येणं दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. इथे काही जण ‘उताऱ्यात नाही’ लिहितात, कारण त्यांना ‘कधीच’ हा शब्द उताऱ्यात सापडत नाही. शब्द शोधू नका. तो विषय सापडला का ते बघा, आणि सापडला असेल तर मापं जुळतात का ते बघा. ‘फास्ट आले’ म्हणजे जवळजवळ सगळे, ‘आले’ म्हणजे सगळे. ‘काउम’ म्हणजे जेमतेम, ‘गार निष्ट’ म्हणजे अजिबात नाही. ‘नूर’ म्हणजे फक्त. ‘एर्स्ट उम आख्ट’ म्हणजे आठाच्या आधी नाही. या प्रश्नातली कितीतरी फाल्श विधानं याच चिमुकल्या शब्दांवर उभी असतात, आणि घाईत नजर नेमकी त्यांच्यावरून घसरते, कारण ते अवघड वाटत नाहीत. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो तरी.

चौथं विधान मला सगळ्यात आवडतं. जर्मनमध्ये ‘आउसर व्हेन एस रेग्नेट’, पाऊस असेल तेव्हा सोडून. म्हणजे पावसात ती सायकलने जात नाही एवढं नक्की. मग कशाने जाते? ट्रामने, पायी, कोणाच्या गाडीतून, बसने. उतारा बोलत नाही. त्यामुळे ‘बसने जाते’ हे उताऱ्यात नाही. पण तेच विधान ‘कसंही हवामान असलं तरी एलेना सायकलने जाते’ असं असतं तर ते सरळ चूक ठरलं असतं, कारण पाऊस हा अपवाद लिहून दिलाय. एकाच वाक्यावरून दोन विधानं, दोन वेगळी उत्तरं. विद्यार्थ्यांना मी ही जोडी मुद्दाम शेजारी शेजारी देतो. ज्याला या दोघांतला फरक बोलून दाखवता आला त्याला रेघ कळली, असं मी धरतो.

पाचवं बरोबर. ‘जेमतेम कळायचं’ आणि ‘समजणं अवघड जायचं’ हे वेगळ्या शब्दांत तेच आहे. रिष्टिश विधानं शक्यतो उताऱ्यातले शब्द उचलत नाहीत, अर्थ उचलतात. एखादं विधान उताऱ्यातल्या वाक्याशी शब्दाला शब्द जुळत असेल तर उलट जरा सावध व्हा. कुठेतरी ‘निष्ट’ किंवा ‘नूर’ गळलेला असण्याची शक्यता असते.

सहावं चूक. कोन्युंक्टिव्ह दोन. ‘व्हेरे गेर्न गेफ्लोगेन’ म्हणजे जायला आवडलं असतं, म्हणजेच गेली नाही. व्याकरणाच्या तासाला हा प्रकार सगळ्यांना येतो, पण वाचताना ‘गेफ्लोगेन’ हे भूतकाळी रूप तेवढं डोळ्यात भरतं आणि ‘ती विमानाने गेली’ असा अर्थ लागतो. ‘व्हेरे’ आणि ‘हेट्टे’ दिसले की तिथे गोष्ट घडलेली नाही, अशी खूणगाठ बांधा. शिवाय पुढच्या वाक्यात ‘श्टाटडेसन’, त्याऐवजी, आहेच. एका ठिकाणी शंका आली तर शेजारचं वाक्य बहुधा ती फेडतं.

सातवं उताऱ्यात नाही. बहीण आली, सप्टेंबरमध्ये आली, दोन आठवडे होती. पहिल्यांदा की तिसऱ्यांदा, कोणास ठाऊक. इथे फार काही समजावण्यासारखं नाही.

आठव्यावर मात्र वर्गात भांडणं होतात. ‘सर, तिने होकार दिलेला नाही, म्हणजे जाणार नाही, म्हणजे चूक.’ थांबा. जर्मनमध्ये ‘नोख निष्ट’ आहे, अजून नाही. ‘अजून नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. दार उघडं आहे. ती उद्या हो म्हणू शकते, नाहीही म्हणू शकते, आणि दोन्ही वेळा उतारा खरा राहतो. म्हणून उत्तर निष्ट इम टेक्स्ट. पण विधान ‘एलेनाने नवं घर घ्यायचं कळवलं आहे’ असं असतं तर? तर चूक, कारण आजच्या घडीला होकार गेलेला नाही हे लिहिलेलं आहे. विधान झालेल्या गोष्टीबद्दल आहे की होणाऱ्या, हे आधी बघा. ‘नोख निष्ट’च्या शेजारी ‘काइन मेअर’ ठेवून पाठ करा: पहिलं म्हणजे अजून नाही, दुसरं म्हणजे आता उरलं नाही. दोघांची दिशा उलटी आहे.

खऱ्या पेपरात आठांपैकी चार ‘उताऱ्यात नाही’ येतीलच असं मानू नका. मी इथे मुद्दाम जास्त घातली आहेत. पण तुमच्या उत्तरांत तिसरा पर्याय एकदाही आलेला नसेल तर काहीतरी बिनसलंय, असं समजून परत फिरा. दिलेला पर्याय कुठेच लागू होत नाही असं सहसा होत नाही.

जागा शोधायची कशी

एखादी गोष्ट उताऱ्यात नाही हे ठरवायचं तर सगळा उतारा पुन्हा पुन्हा वाचावा लागतो, आणि वेळ तिथे जातो. गोएथेच्या पहिल्या भागासाठी सुचवलेला वेळ १० मिनिटं आहे, तेवढ्यात सहा विधानं. तीन पर्यायांच्या प्रश्नात तर प्रत्येक ‘नाही’ महाग पडतं. यावर एक उपाय आहे. विधानं बहुतेक वेळा उताऱ्याच्या क्रमाने येतात. वरच्या आठ विधानांची जागा बघा, ती वरून खाली उतरत जातात. त्यामुळे आधी ज्यांची जागा सहज सापडते ती विधानं सोडवा आणि उताऱ्याच्या समासात त्या ओळीपाशी विधानाचा आकडा टाका. समजा सहाव्याची जागा तिकिटांच्या ओळीपाशी मिळाली आणि आठव्याची देऊ केलेल्या घरापाशी. मग सातव्याचं उत्तर असलंच तर या दोन आकड्यांच्या मधल्या तुकड्यात असणार. तो तुकडा दोनदा नीट वाचा. नाही सापडलं तर ‘उताऱ्यात नाही’ लिहून पुढे चला. अख्खा उतारा परत चाळू नका.

याला मर्यादा आहे. सगळ्या परीक्षा क्रम पाळतातच असं नाही, आणि अख्ख्या उताऱ्याचा सूर विचारणारं एखादं विधान, उदाहरणार्थ ‘एलेना फ्रायबुर्गला खूश आहे’, कुठल्याच एका ओळीत बसत नाही. म्हणून तुमच्या परीक्षेचे दोन नमुना पेपर उत्तरांसकट घ्या आणि प्रत्येक उत्तर कोणत्या ओळीवरून आलं ते लावून बघा. क्रम आहे की नाही ते तेवढ्यात कळतं.

आकडे टाकण्याआधी विधानं वाचायची की उतारा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. मी म्हणतो, आधी विधानं, पण उत्तराच्या विचाराने नाही. प्रत्येक विधानात मोडू शकणारी एक जागा असते. तिसऱ्यात ‘कधीच’, चौथ्यात ‘बसने’, सातव्यात ‘पहिल्यांदाच’. तेवढ्या शब्दाखाली रेघ मारायची. ‘एलेना’ किंवा ‘फ्राउ केलर’खाली रेघ मारून उपयोग नाही, ती नावं तर सगळीकडेच आहेत. नंतर उतारा वाचताना आपण काय तपासायला बसलोय ते माहीत असतं.

आपली चूक कुठल्या जातीची?

सराव पेपर तपासल्यावर बहुतेक जण नुसते गुण मोजतात. दहापैकी सहा, ठीक. त्यातून काही कळत नाही. चुकलेल्या प्रत्येक विधानापुढे दोन गोष्टी लिहा: उत्तर काय होतं आणि तुम्ही काय दिलं. थोडे पेपर झाले की एक ठरावीक चाल दिसायला लागते.

उत्तर ‘उताऱ्यात नाही’ होतं आणि तुम्ही ‘बरोबर’ दिलं, असं वारंवार होत असेल तर तुम्ही स्वतःची माहिती ओतताय. नोकरी केलेल्या, चार ठिकाणी फिरलेल्या विद्यार्थ्यांत हे जास्त दिसतं. हॉस्पिटलवरचा उतारा आला की नर्सिंगच्या मुली सगळ्यात जास्त चुकतात, आणि त्यांना राग येतो, कारण विधान प्रत्यक्षात खरंच असतं. यांना बोट ठेवण्याची सवय लावावी लागते: ओळीचा आकडा लिहिल्याशिवाय ‘बरोबर’ लिहायचं नाही.

उत्तर ‘उताऱ्यात नाही’ आणि तुम्ही ‘चूक’ दिलं, असं होत असेल तर ‘लिहिलं नाही म्हणजे खोटं’ असं मनात बसलंय. यांनी ‘चूक’ लिहिण्याआधी विधानाच्या विरुद्ध जाणारा शब्द उताऱ्यात शोधून त्याला गोल करावा. गोल करता येत नसेल तर ते फाल्श नाही.

आणि उत्तर ‘चूक’ होतं, तुम्ही ‘उताऱ्यात नाही’ दिलं, हा तिसरा प्रकार. यात विचार बरोबर असतो, जर्मन कमी पडलेलं असतं. विरोध उताऱ्यात होता, पण तो वेगळ्या शब्दांत होता, नाहीतर ‘आउसर’, ‘ओने’, ‘काउम’ अशा शब्दात लपला होता. यावर युक्ती नाही, शब्द वाढवणं हाच इलाज आहे. वहीत एकेक शब्द न लिहिता जोड्या लिहा: उताऱ्यात ‘काउम फेरश्टांडेन’, विधानात ‘श्व्हीरिष्काइटन बाइम फेरश्टेन’. पेपर काढणारा अशा जोड्यांवरच विधानं रचतो.

जर्मन मजकूर संपला तर मराठीवर सराव करा. वर्तमानपत्रातली रावेरच्या केळीभावाची छोटी बातमी घ्या, पाच-सहा ओळींची पुरे. त्यावर एकाने सहा विधानं काढायची, त्यातली दोन मुद्दाम ‘उताऱ्यात नाही’ची, आणि दुसऱ्याने सोडवायची. ज्यांच्या घरी केळीची बाग आहे त्यांना सोडवायला बसवा. भाव का पडला हे बातमीत नसतानाही ते कारण सांगून मोकळे होतात. विधानं काढणाऱ्याचा फायदा त्याहून मोठा असतो, कारण चांगलं ‘उताऱ्यात नाही’ विधान रचायला फार डोकं लागतं. एकदा रचून बघितलं की दुसऱ्याने रचलेलं लांबून ओळखू येतं.

परीक्षेच्या खोलीतल्या दोन गोष्टी राहिल्या. गोएथेच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, तो त्या ६५ मिनिटांतच धरलेला असतो. म्हणून एकेक भाग झाला की लगेच उतरवा. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही चौकट कोरी सोडू नका. तीन पर्यायांच्या प्रश्नात खरोखरच काही सुचत नसेल, मधला तुकडा दोनदा वाचूनही हाती काही लागलं नसेल, तर ‘उताऱ्यात नाही’ लिहा. जागाच सापडत नाही ही सुद्धा एक खूणच आहे. मात्र तो तुकडा तुम्हाला कळलाच नसेल तर गोष्ट वेगळी. मग त्यात ‘निष्ट’, ‘काइन’, ‘आउसर’, ‘ओने’ यांतलं काही दिसतंय का ते बघा, आणि ते विधानाच्या मोडणाऱ्या जागेजवळ असेल तर ‘चूक’कडे झुका.